बाईला पारावर बसवताना

घाटंजीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मला गाणी जुळवायची खोड आहे. दुकानावर घर चालतं, खोडीवर मान मिळतो. आसपासच्या गावांतली खंजिरी भजनवाली मंडळं स्पर्धा आली की माझ्याकडेच येतात. पुरुष गट वेगळा, महिला गट वेगळा, पण गाणं बरेचदा एकच लागतं. पुरुषांचं गाणं बायकांना हवं असतं, बायकांचं पुरुषांना. मग मी ते फिरवून देतो.

हे काम दिसतं तितकं अवघड नाही, पण मी ते अवघड असल्यासारखं तोंड करून करतो. ‘गेलो’चं ‘गेले’, ‘बसतो’चं ‘बसते’. मात्रा तीच, अक्षरं तितकीच, चाल जागची हलत नाही. ‘मी देव पाहिला’ असलं काही आलं तर हातही लावावा लागत नाही, कारण तिथं क्रियापद देवाच्या मागे जातं, पाहणारा बाप्या असो की बाई. आमच्याकडच्या बायका बोलताना ‘मी गेले’ म्हणत नाहीत, ‘मी गेली’ म्हणतात. पण कागदावर मी ‘गेले’च लिहायचो. शिकलेला माणूस आहे हे कळायला नको?

त्या वर्षी मी पुरुष मंडळासाठी लिहिलेलं गाणं चांगलंच चाललं होतं.

फिरलो मी बाजारात, बसलो मी पारावर,
देव शोधत राहिलो चावडीच्या दारावर.

एका दुपारी बाजूच्या गावातल्या महिला मंडळाची एक बाई दुकानात आली. बाजारोबाजारी बांगड्या विकणारी. घाटंजीचा बाजार झाला की एसटीत टोपली टाकून थेट मारेगावपर्यंत जायची. मंडळात ती बरीच वर्षं मागे बसून टाळ वाजवत होती. यंदा पहिल्यांदाच तिला पुढं बसून खंजिरी घ्यायला मिळणार होती, आणि तिला हेच गाणं म्हणायचं होतं.

“भाऊ, बाईसाठी करून द्या,” ती म्हणाली. “मले पाठ आहे, पण माह्या तोंडी बसलं पाहिजे.”

मी म्हटलं, “ताई, उद्या या. विचार करावा लागते याले.”

विचार कसला, जेवून पडल्या पडल्या झालं. पण एकदा सुरुवात केली की माझा हात थांबत नाही. ‘फिरलो’चं ‘फिरले’ केलं. मग वाटलं, बाई कुठं पारावर बसते? पार खोडला. चावडी तर पुरुषांची, तीही खोडली. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात सुबक अक्षरातला कागद ठेवला.

उठले मी पहाटेला, सारवले मी अंगण,
देव शोधत राहिले, हाती वाजते कंकण.

तिनं कागद वाचला. पुन्हा वाचला. मला वाटलं, भारावली.

“भाऊ, हे कंकण कोणत्या दुकानात भेटते जी? मी बारा वर्षं बांगड्या विकून राह्यली, मले एकाही बाईनं कंकण नाही मागतलं.”

मी हसलो. ती हसली नाही.

“आन बाजार कुठं गेला? पार कुठं गेला? म्या फक्त ‘लो’चं ‘ली’ करा म्हटलं होतं. तुमी तं मले उचलून घरात नेऊन बसवलं.”

“ताई, बाईच्या तोंडी ते शोभलं पाहिजे न.”

“काहून नाही शोभत? तुमच्या मंडळातला तो मिशीवाला गौळण म्हणते तवा ‘मी बाई गेले पाण्याला’ म्हणत घागर घेऊन यमुनेवर जाते. त्याची मिशी नाही गळत. मले बाजारात जाऊ द्या न. मी तं खरीच जाते.”

दुकानात दोघंतिघं फॉर्म भरायला उभे होते, तेही कान लावून होते. माझा चेहरा पडला. खरं सांगतो, रागच आला, आणि राग तिचं बरोबर होतं म्हणून आला. बाजारात फिरल्याचं गाणं मी दुकानातल्या खुर्चीवर बसून लिहिलं होतं. मी महिन्यातून एकदा बाजारात जातो तोही बायकोनं पिशवी हातात दिली तर.

मग तिथंच काउंटरवर आम्ही दोघं बसलो. जिथं वस्तूच वेगळी आहे तिथं शब्द बदलायचा, नाही तर नाही, असं तिनं ठरवलं आणि मी लिहून घेतलं. एका कडव्यात ‘घाम पुसत चाललो दुपट्ट्याच्या कोपऱ्यानं’ होतं. बाप्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचा बाईचा पदर झाला, अक्षरंही बरोबर भरली. ‘फिरले’ लिहिलं तर तिनं माझं पेन धरलं. “‘फिरली’ लिहा. ‘फिरले’ म्हणणारी बाई आमच्या गावात फक्त टीव्हीवर येते.”

कागद घेऊन ती गेली, पण गोष्ट मिटली नव्हती. मंडळातल्या बायका बिचकल्या. पारावर बसल्याचं गाणं म्हणायचं म्हणजे उद्या गावभर नावं ठेवणार. तिची सासूही त्याच मंडळात, आणि सासू गप्प. शेवटी बायकांनी सांगितलं, तुला म्हणायचं तर म्हण, पण त्या ओळीमागं आम्ही बोलणार नाही. खंजिरी भजनात पुढच्यानं ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती उचलायची. मागून कोणी उचलली नाही तर पुढची उघडी पडते, परीक्षक लगेच गुण कापतो. गुण गेले असते तर पुढच्याच वर्षी तिला परत टाळाला बसवलं असतं. तरी तिनं गाणं बदललं नाही.

स्पर्धेला मी पहिल्या रांगेत बसलो होतो. माझ्या कवितेचं काय होतं याची काळजी, असं मी बायकोला सांगितलं. खरं म्हणजे काळजी तिचीच होती.

ती पुढं बसली, खंजिरी उचलली. ‘फिरली मी बाजारात’ झालं, मागून उचललं गेलं. मग तिनं ‘बसली मी पारावर’ टाकलं आणि मागं शांतता. खंजिरी एकटीच वाजत राहिली. बायका खाली बघत होत्या. तिनं ओळ पुन्हा टाकली, आवाज थोडा फाटला.

आणि मागून सासूचा आवाज आला. बेसूर, पण दणदणीत. “बसली मी पारावर!” एकदा नाही, तीनदा. मग एकेक करत सगळ्याच पेटून उठल्यासारख्या गायला लागल्या. मंडपातले बाप्ये एकमेकांकडं बघायला लागले, आणि मी मोठ्यानं हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

खाली उतरल्यावर मी सासूला विचारलं, “मावशी, तुमी तं गप्प होत्या न?”

“गप्प नाही तं काय करू?” ती म्हणाली. “लगन होऊन आली तवापासून त्या पारासमोरून डोक्यावर पदर घेऊन जाऊन राह्यली. बसाची लय हौस होती बापा. कोणी म्हटलंच नाही बस म्हणून.”

दोनेक महिन्यांनी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम करणारा एक भजनी दुकानात आला. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकवून म्हणाला, “हे बांगडीवाल्या ताईचं गाणं आहे. मर्दासाठी फिरवून देता का?”

मी पेन घेतलं. ‘फिरली’चं ‘फिरलो’ केलं, ‘बसली’चं ‘बसलो’, पदराचा दुपट्टा. दहा मिनिटांत माझं मूळ गाणं पुन्हा कागदावर आलं. हे माझंच आहे, हे जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

त्यानं वाचलं, मान हलवली. “जमलं,” म्हणाला, “पण त्या ताईच्या तोंडी खरं वाटते. हे थोडं नकली वाटून राह्यलं.”

“हाव,” मी म्हटलं, “मलेही तसंच वाटते.”