पंप येईपर्यंतची सोय

घनसावंगीकडच्या आमच्या गावात, आम्हा बौद्धांच्या वस्तीत सरकारनं बोअर मारला होता. पाणी लागलं, पण वर हातपंप नव्हता, आणि त्या वीतभर नळीत बादली काय जाणार! दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात ओव्हरसियर साहेबांनी चावडीपुढं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "आमचं काम झालंय, पंपाची कंपनी माल देत नाही. आता पाडव्याऐवजी पोळ्याला पंप बसेल. फिटर सांगून ठेवलाय, माल आला की लगेच जोडू. तोवर टँकर गावच्या विहिरीत रिकामा होईल. वस्तीनं विहिरीला हात लावायचा नाही, भांडणं नकोत. गावातलं कोणीतरी वरून तुमच्या घागरीत ओतेल."

"बराबर हाय," गावकरी म्हणाले. बराबर न्हाई तर काय, सरकारी पाणीसुद्धा त्यांच्या विहिरीत पडलं की त्यांचं!

माझी आई उठली. "साहेब, कंपनीनं पंप अडवला, त्याची तारीख दिली. हे लोक आम्हाला हिरीवर अडवून राह्यले, त्याची बी तारीख सांगा."

साहेब हसले. "बाई, पोळ्याला पंप येतोय ना? मग तुम्हाला विहीर हवी कशाला?"