किंमत तीच

काकूच्या खोलीचा जिना थेट बाबांच्या क्लासमध्ये उतरायचा. दुसरा रस्ताच नव्हता. दूध आणायला जायचं असो की चप्पल शिवायला द्यायची असो, काकूला पोरांच्या बाकांमधून वाट काढत दारापर्यंत जावं लागायचं. आणि ती दिसली रे दिसली की सगळा वर्ग उठून उभा. "गुड इव्हनिंग मॅऽऽडम!"

"बसा, बसा. मी शिकवायला नाही आले. कांदे आणायला चाललेय."

पोरं हसायची. काकूही हसायची. पण एकदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती माझ्या कानात म्हणाली होती, "चिमे, मला एकदा तरी कुणाला न सांगता घराबाहेर पडायचंय गं."

थोरले काका गेले तेव्हा ती वर राहत होतीच, राहिली. पुढे एकदा बाबांचा घसा बसला, अर्थशास्त्राची बॅच ताटकळली, आणि बाबा खालून खुणा करत म्हणाले, "वहिनी, तुमचं बी.ए. याच विषयात ना? तेवढा एक तास सांभाळा." तो एक तास काही संपला नाही. घसा सुटला, काकू अडकली.

शिकवायची मात्र फार सुंदर. मागणी वाढली हे ती फळ्यावर नंतर दाखवायची, आधी वर्गात घडवायची. "तू सायकलवाला. तुझ्याकडे पाचच सायकली. कालपर्यंत गिऱ्हाइकं पाच होती. आज पेट्रोल महागलं, आणि ही सगळी पलटण तुझ्या दुकानात आली. जुन्याच भावाला आठ जणांना सायकल हवीय. काय करशील?"

"भाव वाढवीन, मॅडम."

"लबाडा. पण बरोबर. आणि भाव वाढला की तू आणखी सायकली मागवून विकायला काढशील, आणि गिऱ्हाइकांतले काही म्हणतील, राहू दे, आम्ही चालतच जातो. दोन्हीकडचा आकडा जुळला की थांबलं. तो नवा समतोल."

मग फळा. उतरती रेषा मागणीची, चढती पुरवठ्याची. मागणीची रेषा उजवीकडे सरकली की छेदनबिंदू वर आणि उजवीकडे: किंमत जास्त, नग जास्त. पुरवठ्याची उजवीकडे सरकली की छेदनबिंदू खाली आणि उजवीकडे: किंमत कमी, नग जास्त. इथवर सगळं चोख.

रेषा सरकवायला बाबांनी एक लाकडी पट्टी करून ठेवली होती, दोन बोटं रुंद. जुन्या रेषेला एका कडेनं टेकवायची, दुसऱ्या कडेनं नवी ओढायची. सरळ, समांतर, सुबक. बाबांची वर्कशीटं आजूबाजूच्या शाळा विकत घ्यायच्या त्या या सुबकपणामुळेच. मजकूर बाबांचा, आकृत्या काकूच्या.

गोची होती सातव्या प्रश्नात. 'सायकलींची मागणी वाढली आणि त्याच वेळी नवा कारखाना सुरू होऊन पुरवठाही वाढला, तर समतोल किमतीवर काय परिणाम होईल?' पट्टीनं मागणी दोन बोटं सरकवली, पट्टीनंच पुरवठा दोन बोटं सरकवला. दोन्ही रेषांचा तिरपेपणा सारखा, सरकणं सारखं, मग छेदनबिंदू अगदी आडवा उजवीकडे जाणार. उत्तर: नग वाढतात, किंमत तीच.

सगळी बॅच एका सुरात म्हणायची, "किंमत तीच!" वर, काकूच्या खोलीतल्या फरशीला ते ऐकू यायचं.

काकूला ते खटकलं होतं. ती बाबांना म्हणाली, "भाऊजी, दोन्ही सारखेच सरकले असं प्रश्नात कुठे आहे? मागणी जास्त सरकली तर भाव चढेल, पुरवठा जास्त सरकला तर उतरेल. नग वाढणार एवढंच नक्की. किमतीचं सांगता येत नाही."

"वहिनी, 'सांगता येत नाही' हे उत्तर कुठली पोरं लिहितील? त्यांना एकच उत्तर हवं असतं."

"पण ते चूक आहे."

"पुढच्या छपाईला बघू."

पुढच्या छपाईला तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग ती विचारायची थांबली, आणि फळ्यावर पट्टी टेकवत राहिली.

शहराच्या त्या टोकाला एक शाळा होती. तिथे अर्थशास्त्राच्या शिक्षिकेची जागा निघाली, आणि शिक्षकांसाठी मागच्या अंगणात खोल्या होत्या. स्वतंत्र दाराच्या. काकूनं परस्पर चौकशी केली, आणि तिला नमुना तास घ्यायला बोलावलं. घरी सांगितलं, दाढ दुखतेय, दाताच्या डॉक्टरकडे जातेय.

आई म्हणाली, "एकट्या नका जाऊ ताई, भूल दिली तर गरगरतं. चिमी येईल सोबत."

बसमध्ये काकूनं मला खरं काय ते सांगितलं. मी म्हटलं, "अगं, मग बाबांना सांगायचं की सरळ!"

"सांगितलं तर ते 'नाही' म्हणणार नाहीत गं. ते म्हणतील, 'जा ना वहिनी, फक्त ही बॅच होऊ द्या.'" तिनं पिशवी छातीशी धरली. पिशवीत पट्टी होती. सवयीनं घेतली होती.

शाळेचा वर्ग मोठा, उजेडाचा. मी शेवटच्या बाकावर बसले. शेजारी मुख्याध्यापिका, जाड काचांचा चष्मा, हातात वर्कशीट. मी वाकून पाहिलं. वर्कशीट आमचंच.

"सातवा प्रश्न घ्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मुलांना तो अवघड जातो. गुरुवारी यावरच चाचणी आहे, तिन्ही तुकड्यांची."

काकूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण आवाज नाही. तिनं दुकान मांडलं, गिऱ्हाइकं उभी केली, कारखाना उघडला. वर्ग रंगला. मग ती फळ्याकडे वळली, पिशवीतून पट्टी काढली, मागणी सरकवली, पुरवठा सरकवला. तिचा हात विचार करत नव्हता. आडवी ठिपक्यांची रेषा ओढून ती म्हणाली, "म्हणजे किंमत..."

"तीच!" वर्ग ओरडला.

पहिल्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिनं हातही वर केला नाही. "पण मॅडम, दोन्ही सारखंच का सरकवलंत?"

"कारण..." काकूनं हातातल्या पट्टीकडे पाहिलं. "कारण पट्टी तेवढीच रुंद आहे."

कुणी तरी खुदकन हसलं. काकूनं पट्टी टेबलावर ठेवली आणि फळा पुसला, सगळा. नुसत्या हातानं दोन आकृत्या काढल्या, एकीत मागणी लांब सरकली, पुरवठा थोडासाच. दुसरीत उलटं. रेषा वाकड्या आल्या.

"पहिलीत किंमत?"

"वाढली."

"दुसरीत?"

"उतरली."

"आणि नग?"

"दोन्हीत वाढले!"

"मग प्रश्नात कोण किती सरकलं ते दिलेलं नसेल, तर काय लिहायचं?"

वेणीवाली म्हणाली, "नग वाढतील. किंमत सांगता येत नाही."

"शाबास. 'सांगता येत नाही' एवढंच लिहायचं नाही हं, का येत नाही तेही लिहायचं. सारखं सरकलं तर किंमत तीच राहील. पण तेव्हाच."

तास संपला. मुलं गेली. मुख्याध्यापिकांनी वर्कशीट पुढे केलं. "तास छान झाला. पण उत्तरसूचीत तर 'किंमत बदलत नाही' असं आहे."

"उत्तरसूची चूक आहे."

"ही तुमच्याच क्लासची आहे ना?"

"हो. ती आकृतीही मीच काढलीय."

मुख्याध्यापिका चष्मा काढून पुसत राहिल्या. "मग गुरुवारच्या आत सरांना फोन करून विचारावं लागेल. तुम्ही इथे आलाय हे त्यांना..."

"माहीत नाही."

मी मनात म्हणत होते, नको म्हण काकू, मी दुरुस्त करून पाठवते म्हण, काहीतरी म्हण. मुख्याध्यापिकाही थांबल्या होत्या, बहुधा त्याच आशेनं.

"मी कागदावर लिहून दिलं तर चालेल?" काकूनं विचारलं.

"चाललं असतं हो. पण छापलेलं त्यांचं आहे. त्यांनी दुरुस्ती मानल्याशिवाय मी तिन्ही तुकड्यांना वेगळं उत्तर कसं देऊ?"

काकू खिडकीबाहेर बघत होती. मागच्या अंगणात त्या खोल्या दिसत होत्या. एकीच्या दारात कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

"करा फोन," ती म्हणाली.

आम्ही घरी पोचण्याआधीच फोन पोचला होता. बाबा क्लासच्या दारातच उभे. "काय वहिनी, दाढ कशी आहे?"

काकूनं चपला काढून कडेला ठेवल्या.

"अहो, चूक होती तर मला सांगायचं नाही का?"

"सांगितली होती भाऊजी. दोनदा."

"तेव्हा मी घाईत असेन." बाबा रागावले नव्हते, हीच तर पंचाईत होती. उलट खूश दिसत होते. "मी बाईंना सांगितलं, आमच्या वहिनीच सगळी वर्कशीटं तपासून देतील. सातवा तर गुरुवारच्या आत. बाकीची नंतर, नववीपासूनची सगळी. त्यांनी विचारलं, मग त्यांना आमच्याकडे सोडता का? मी म्हटलं, आता कसं शक्य आहे? एवढी बारीक नजर दुसऱ्या कुणाची आहे? त्यांनाही पटलं. दुसरी एक उमेदवार आहे म्हणाल्या."

आत बॅच बसली होती. काकू उंबरठा ओलांडून आत गेली आणि सगळे उभे राहिले. "गुड इव्हनिंग मॅऽऽडम!" ती बाकांमधून जिन्याकडे गेली. या वेळी 'बसा' म्हणाली नाही. पोरं तशीच उभी राहिली, बाबांनी हात हलवेपर्यंत.

थोड्या वेळानं बाबा कोरे कागद घेऊन वर गेले, मागोमाग मी आणि आई. "पट्टी कुठाय वहिनी?"

"शाळेत राहिली."

"राहिली? मग रेषा कशानं काढणार?"

"हातानं."

"वाकड्या येतील हो. आपल्या वर्कशीटचं नाव आहे."

"येऊ देत वाकड्या."

बाबांनी कोरे कागद तिच्यापुढे ठेवले. खालून पोरांचा गलका वाढला, तसे उतरून गेले. काकूनं अक्ष काढले, एकाला किंमत लिहिलं, दुसऱ्याला नग. मागणी लांब, पुरवठा आखूड. पेन्सिल टोकदार होती, रेषा वाकड्या आल्या.

आईनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली. माझ्या आईला गप्प राहणं जमत नाही.

"ताई, बाई काय म्हणाल्या, दुसरी उमेदवार आहे. घेतली असं म्हणाल्या का?"

"नाही बहुतेक."

"आणि शाळा काय एकच आहे? यांची वर्कशीटं न घेणाऱ्याही असतीलच की." आईनं खाली डोकावून पाहिलं आणि आवाज मुद्दाम चढवला, जिन्यावरून नीट उतरेल इतका. "अहो ऐकलंत का? ताईंना पुढच्या आठवड्यात पुन्हा डॉक्टरकडे जावं लागणार आहे हं! दाढ एका फेरीत होत नाही!"

खालून बाबांचा आवाज आला, "बरं, बरं. फक्त ही बॅच होऊ द्या!"

काकूनं वर पाहिलं नाही. तिनं दुसरी आकृती सुरू केली.