तिचा राजीनामा माझ्या खणात होता

हे सगळं, अगदी शेवटपर्यंत, मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं ते अर्धंच, तेही स्वतःला सोयीचं होतं तेवढं.

वेंगुर्ल्यात काजू सोलून, भाजून, डब्यांत भरून विकणाऱ्या एका खाजगी कंपनीत मी व्यवस्थापक आहे. व्यवस्थापक हा शब्द मोठा आहे. मालक कोल्हापूरला राहतात आणि दर गुरुवारी इथे येतात. बाकीचे सहा दिवस आवक-जावक, हजेरीपट, रजेचे अर्ज, ट्रकवाल्यांशी वाद आणि मालकांचे फोन, हे सगळं माझ्याकडे. आमच्या मालकांना ईमेल वाचायला आवडत नाही. ऑफिसातला प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर यायचा, आवक रजिस्टरला चढायचा, त्यावर तारखेचा शिक्का पडायचा आणि मग गुरुवारी फाइलमधून त्यांच्यापुढे जायचा.

ती आमच्याकडे सात वर्षं होती. डब्यांची लेबलं, दिवाळीच्या भेटपेट्या, परदेशी गिऱ्हाइकांना पाठवायचे फोटो, सगळं ती करायची. तिचे पप्पा शाळामास्तर, निवृत्त झालेले. आमच्या घरापासून दोन वाड्या सोडून त्यांचं घर. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आमच्याकडे यायच्या, चतुर्थीला आमचे मोदक त्यांच्याकडे जायचे. ती नोकरीला लागली तेव्हा पप्पा मला म्हणाले होते, "तुमी आसास म्हणान माका काळजी नाय." ती मला काका म्हणायची.

संध्याकाळी घरी गेल्यावर ती स्वतःची कामं करायची. मालवणच्या न्याहारी-निवासवाल्यांसाठी पाट्या, मेनूकार्डं, बुकिंगची पानं. पॅकिंगच्या बायका तिला चिडवायच्या, की बाय गो, घरात पंख्याखाली बसून केलेलं ते काम म्हणायचं की दुपारची झोप? ती हसून म्हणायची की झोपेचं बिल कोणी देत असेल तर तेही पाठवीन. मला हे सगळं माहीत होतं. नेमणूकपत्रात बाहेरचं काम करू नये असं कलम आहे, पण मी काणाडोळा केला होता. त्याचा मला अभिमानही होता, काय सांगू.

मग गोव्यातल्या एका हॉटेलवाल्यांनी तिला विचारलं. पर्यटनाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांना खोल्यांतली पुस्तिका, मेनू, फोटो, वेबसाइट सगळं नवं करून हवं होतं, आणि पुढे वर्षभर ते सांभाळणारं माणूस हवं होतं. असं एक काम हातात असलं की नोकरी सोडता येते, हे तिने मनाशी धरलं. त्यांची अट एकच होती. ती कोणाच्या नोकरीत बांधलेली नसावी आणि कामाच्या पहिल्या दिवशी तिने कार्यमुक्तीचं पत्र आणून दाखवावं. आमच्याकडे एक महिन्याची नोटीस असते. तिने हिशेब केला आणि महिन्यावर आठ दिवस हाताशी ठेवून राजीनामा लिहिला.

अनंतचतुर्दशी होऊन दोनच दिवस झाले होते. ती माझ्या टेबलापाशी आली. मालकांच्या नावाने, माझ्यामार्फत, पाच ओळींचं पत्र. पूर्ण वेळ स्वतंत्र व्यवसाय करण्यासाठी राजीनामा देत आहे, नोटिशीचा महिना आजपासून धरावा, हातातली कामं समजावून देईन, आणि सात वर्षांबद्दल आभार. कुठे कुरकुर नाही, कुठे वाजवीपेक्षा गोड शब्द नाही. मी वाचून म्हणालो, बरं लिहिलंस. तिच्या हातातल्या फोल्डरमध्ये त्याच पत्राची दुसरी प्रत होती. तिच्यावर माझी सही-शिक्का घ्यायचा आणि पोच म्हणून जवळ ठेवायची, ही पद्धत मीच तिला शिकवलेली. बँकेत, वीज मंडळात, कुठेही कागद दिलास तर पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. तिने ती प्रत अर्धी बाहेर काढली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत सारली. काकाकडे पोच मागायची म्हणजे काकावर विश्वास नाही असं झालं असतं. आमच्याकडे घरच्या माणसाकडे असं कोणी मागत नाही.

तिने एवढंच विचारलं, "मेल पण करू काय, काका?"

"कित्याक? कागद दिलंस मा. मी पुढे घालतंय."

पत्र मी खणात ठेवलं.

का ठेवलं, ते आता सरळ लिहितो. त्या वर्षात आधीच दोघं सोडून गेले होते. दुसऱ्याच्या वेळी मालक सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुमच्या हाताखाली माणसं टिकत नाहीत, याचा जरा विचार करा." दिवाळीच्या पेट्यांचं काम तोंडावर होतं, ते तिच्याशिवाय होणारं नव्हतं, आणि तिसरा राजीनामा घेऊन मला मालकांपुढे जायचं नव्हतं. हे खरं कारण. पण त्या दिवशी मी स्वतःला दुसरं कारण सांगितलं. पितृपंधरवडा चालू झाला होता. मालक पंधरवड्यात नव्या कागदावर सही करत नाहीत, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक. तेव्हा आत्ता पाठवून काय उपयोग? घटस्थापनेला फाइलला लावू. तोवर पोरीचं मनही बदलेल. ज्या पोरीच्या घरात पंधरवडा पाळत नाहीत, तिचं नशीब मी माझ्या पंधरवड्यात बांधून ठेवलं. आणि राजीनाम्याला मालकांची सही लागत असेल, आवकेचा शिक्का मारायला कोणाची सही लागत नाही. तो त्याच मिनिटाला मारता आला असता.

दोन गुरुवार गेले. मालक येऊन गेले. तिने एकदा जिन्यात विचारलं, "काका, पत्र पुढे गेला काय?"

"गेला गो, गेला."

एवढं सहज बोललो की मलाच क्षणभर ते खरं वाटलं.

घटस्थापनेला मी पत्र बाहेर काढलं, त्या दिवसाचा शिक्का मारला, रजिस्टरला चढवलं. पुढच्या गुरुवारी मालकांनी ते वाचलं. ते भडकले नाहीत, हे आणखी वाईट झालं. त्यांनी तिला आत बोलावलं, मला थांबायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाले की आवक तारखेपासून एक महिना, तोवर दिवाळीच्या पेट्या पुऱ्या करून जा.

तिने शिक्क्याकडे पाहिलं. म्हणाली, सर, मी पत्र पंधरा दिवस आधी दिलंय, त्यावर तारीख आहे. मालक म्हणाले, कागदावर तारीख कोणीही कुठलीही घालतं. मग तिने विचारलं की नोटिशीच्या राहिलेल्या दिवसांचा पगार कापून मला सोडता येईल का. नेमणूकपत्रात तशी सोय आहे, पण व्यवस्थापनाच्या संमतीने. मालकांनी संमती दिली नाही. दिवाळी होती.

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. पत्र कधी मिळालं?"

खोलीत आम्ही तिघंच. मी म्हणू शकलो असतो, साहेब, माझ्या हातून राहिलं. ओरडले असते. कदाचित बरंच काही झालं असतं, पण नोकरी गेली नसती, हे तेव्हाही मला कळत होतं.

"शिक्का आहे त्या दिवशी," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. मग ऑफिसातली मराठी टाकून, मालकांसमोरच, घरच्या भाषेत म्हणाली, "तुमी सांगतास ता खरा आसतला, काका."

नोटिशीचा तो महिना तिने एक मिनिट उशिरा न येता भरला. पेट्या वेळेवर झाल्या. मालक मला म्हणाले, चांगलं हाताळलंत. हॉटेलवाल्यांनी आठवडाभर वाट बघितली आणि पणजीच्या कोणाला तरी काम दिलं. तेही समजण्यासारखं होतं, हंगाम कोणासाठी थांबत नाही. पण तिने त्यांना सांगितलं होतं की पत्र अमुक दिवशी दिलंय, आणि नंतर आमच्या कार्यमुक्तीच्या पत्रात राजीनामा मिळाल्याची तारीख वेगळीच आली. ते पत्र मीच टाइप केलं होतं. त्यांनी तिला तारखेचं खोटं बोलणारी ठरवलं. नोकरदार माणसाने असं केलं तर साहेब ओरडतो आणि विसरतो. एकट्याने काम करणाऱ्याकडे तारखेला दिलेल्या शब्दापलीकडे दुसरं काही नसतं. तिकडच्या चार हॉटेलांनी एकमेकांना विचारलं आणि तिच्यासाठी ती दारं बंद झाली.

तरी ती परत नोकरीला लागली नाही. न्याहारी-निवासवाल्यांची छोटी छोटी कामं करून दोन वर्षं काढली. पप्पा मला रस्त्यात भेटत तेव्हा पूर्वीसारखेच बोलत. म्हणजे तिने घरी काही सांगितलं नव्हतं. त्या नाताळात नेवऱ्याही आल्या. मी एकही खाल्ली नाही. बायको म्हणाली, पित्त झालं असेल.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी तिच्या घरी गेलो. पप्पा बाजारात गेले होते. ती पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं, खण, पंधरवडा, जिना, सगळं. सांगताना माझा आवाज कापत होता, आणि त्या कापण्याचंही मला थोडं समाधान वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

तिने लॅपटॉप मिटून ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "माका म्हायत होता. शिक्को बघितलंय तेवाच."

मग ती आत जाऊन पाणी घेऊन आली. मी माफी मागायला लागलो तसं तिने हात वर केला.

"माका सांगू नकात, लिवून द्या."

तेच हॉटेल पुन्हा काम देणार होतं. तिला खोटं ठरवणारा माणूसच अजून तिथे होता. शनिवारपर्यंत त्यांना अर्ज द्यायचा होता. पत्र प्रत्यक्षात कोणत्या दिवशी माझ्या हातात दिलं, एवढ्या दोन ओळी माझ्या सहीने मिळाल्या तर ती त्याच्यापुढे ठेवणार होती. बाकी काही नको म्हणाली. मालकांकडे जाणार नाही, कुठे बोलणार नाही.

सोमवार होता. मी म्हणालो, उद्या आणून देतो.

मंगळवारी ऑफिसात कागद घेतला. तारीख लिहिली, तिचं नाव लिहिलं. मग डोक्यात आलं, हा कागद फिरत फिरत कोल्हापूरला गेला तर? मला निवृत्तीला सहा वर्षं आहेत. बुधवारी पुन्हा लिहायला बसलो आणि अमुक दिवशी मिळाले असावे, असं लिहिलं. ते मलाच वाचवेना, फाडलं. शुक्रवारी तिचा फोन आला, मी उचलला नाही. शनिवारी मी सुट्टी घेऊन आंबोलीला मेहुण्याकडे गेलो. तिथे दिवसभर पाऊस होता आणि मोबाइलला रेंज नव्हती. मला ते माहीत होतं.

यंदा नेवऱ्या आल्या नाहीत. पप्पा रस्त्यात दिसले की मान हलवतात, थांबत नाहीत.

त्या दोन ओळी मी अजून दिलेल्या नाहीत. हे एवढं सगळं लिहिलं, कारण यात कोणाचं नाव घालावं लागलं नाही आणि खाली सही करावी लागत नाही.