भाचीची चित्रं आणि ऑफिसचं खातं

रोज सकाळी ऑफिसच्या जाहिरातींना हात लावण्याआधी ती भाचीसाठी एक चित्र काढायची, तेही चित्रांच्या ॲपच्या, ऑफिस पैसे भरत असलेल्या ऑनलाइन खात्यात. राजीनामा दिल्यावर तिच्या लक्षात आलं, खातं हातातून गेलं की चित्रंही जाणार.

"खात्यावर तुझा ईमेल टाक, खातं तुझंच!" शेजारचा सहकारी हसला.

"जाताना कुणी ऑफिसची खुर्ची काखोटीला मारतं का रे?"

साहेबांना विचारून तिने फक्त स्वतःची चित्रं डाउनलोड करून घेतली. स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशाने नवं खातं काढलं आणि एकेक चित्र तिथे टाकून उघडून पाहिलं. मग जाहिरातींच्या सगळ्या फाइल्स तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीच्या नावे केल्या, आपल्या फोनवरून ऑफिसच्या खात्यातून लॉगआउट केलं. साहेब त्या खात्यातून तिचं नाव काढून टाकणार, तेवढ्यात तिने त्यांना थांबवलं आणि नव्या मुलीकडे वळली.

"उघडून बघ गं एकदा, सगळं दिसतंय ना?"