शेजारच्या सीटवरून

आमचे हे ड्रायव्हिंग शिकवतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. गाडी आमच्याच दारातून निघते आणि दारातच थांबते. चालवतो तो शिकाऊ माणूस, हे शेजारच्या सीटवर ब्रेकवर पाय ठेवून, तोंडाचा पट्टा सुरू.

माझी धाकटी बहीण त्यांच्याकडे शिकत होती. हॉस्पिटलच्या धुण्याच्या कपड्यांची गाडी चालवायची नोकरी तिला मिळणार होती, फक्त लायसन हातात हवं होतं. मोठ्या रस्त्यावर ती झकास चालवायची. पण गाडी हळू वळवायची वेळ आली की घामाघूम व्हायची.

"मनगटात जोर नाही तुझ्या. जेवतेस की नाही?" हे म्हणायचे. वळताना पुढून कुईं असा आवाज यायचा, त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "जुना बेल्ट आहे, कुरकुरतो. तू रस्ता बघ."

परीक्षेच्या दिवशी मीही मागे बसले होते. गाडी मागे घेताना स्टीअरिंगचं चाक पुरेसं वळलं नाही आणि खुणेचा खांब पडला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी नापास केलं. बाकीच्या शिकाऊंसमोर हे म्हणाले, "तुला शिवणयंत्रच बरं!" बहीण मान खाली घालून उतरली. माझा संताप झाला, पण चारचौघांत नवऱ्याला काय बोलणार!

गाडी काढायला हे स्वतः स्टीअरिंगवर बसले. वळवू लागले, तर चाक हलेना. बॉनेटखाली स्टीअरिंगचा पंप कण्हायला लागला. दोन्ही हातांनी ओढताना यांचा चेहरा लाल झाला. समोर काट्यांच्या तबकडीत पिवळा दिवा पेटलेला होता. शेजारच्या सीटवरून तो स्टीअरिंगआड जायचा.

"हा दिवा कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून, भाऊजी. तुम्हीच म्हणालात, काटे बघू नकोस, रस्ता बघ. मला वाटलं, तो असाच असतो."

बॉनेट उघडलं. डबीतलं स्टीअरिंगचं तेल तळाला गेलं होतं, खालचा पाइप ओला होता. तेलाऐवजी पंप हवा ओढत होता, म्हणून स्टीअरिंग जड झालं होतं. वेगात गाडी असताना चाकं सहज वळतात, म्हणून मोठ्या रस्त्यावर काही कळलं नव्हतं. रांगेतली माणसं बघत होती. हे बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले, बाहेर काढायचं नावच घेईनात. मलाही लाजेनं मेल्यासारखं झालं. घरी मीसुद्धा तिला "जरा जोर लाव" म्हणत होते.

पुढच्या परीक्षेपर्यंत हॉस्पिटलवाले थांबले नाहीत. त्यांनी दुसरा माणूस घेतला.

पाइप बदलला, तेल भरलं. दारातून निघताना पहिल्याच वळणावर बहिणीनं सवयीनं जोरात चाक ओढलं आणि गाडी थेट आमच्या कुंड्यांवर चढली. ती खळखळून हसली. मग हात स्टीअरिंगवरच ठेवून तिनं हळूच विचारलं, "म्हणजे माझ्या हातांत जोर होता ना, भाऊजी?"

यांना मान वर करता आली नाही. "होता," एवढंच म्हणाले.