एकेचाळिसावं मिनिट

चौकशी कार्यालयात तिला सगळे टेपबाई म्हणत. एकोणीस वर्षं ती कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची भांडणं कागदावर उतरवत होती.

या वेळी गोदामाच्या पहारेकऱ्यांनी एका हमालाला लोखंडी गजांनी झोडपलं होतं. तो मेला. पाठीवर गजाच्या दुहेरी रेघांचे वळ होते, त्याबद्दल वाद नव्हता. वाद डोक्याचा होता. हमालाच्या घरच्यांनी आणलेल्या डॉक्टरीणबाई म्हणत, मारामुळे मेला; गोदामाचे डॉक्टर म्हणत, पडून. दोघांची समोरासमोर त्रेपन्न मिनिटांची चर्चा रेकॉर्ड झाली होती. टेपबाईने त्या चर्चेचा तक्ता करायचा होता: मुद्दा, या काय म्हणतात, ते काय म्हणतात, आधार, मिनिट. तो पाहूनच चौकशी करणारे साहेब मत बनवणार होते.

तिची पद्धत ठरलेली होती. उत्तर वीस मिनिटांनी, भलत्याच विषयात आलं, तरी ते आणून त्याच्या मुद्द्यासमोर बसवायचं. चौकट रिकामी ठेवली, की माणूस निरुत्तर झाल्यासारखा दिसतो.

कच्चा तक्ता दोन्ही बाजूंना दाखवायचा असे. सकाळी पहारेकऱ्यांचा मुकादम आला. पाचवी ओळ वाचून त्याने लाथेने खुर्ची भिंतीवर उडवली. “एकेचाळिसावं मिनिट काढ! नाहीतर घरी कशी जातेस ते बघतो.”

“रिक्षाने जाते,” ती म्हणाली. “हरकत लेखी द्या.”

दुपारी हमालाचा थोरला भाऊ आला. तो चौथ्या ओळीवरच थांबला. गोदामाचे डॉक्टर, बाविसावं मिनिट: कवटी मागे फुटली, मेंदू पुढच्या बाजूला ठेचला, वेगाने पडलेलं डोकं असं दिसतं. शेजारी डॉक्टरीणबाई: पडला हे मान्य, पण हातांवरचे वळ सांगतात, मार चुकवताना पडला.

“आमच्याच डॉक्टरचं ‘मान्य’ लिहितेस? किती खाल्लेस?”

“दादा, त्या बोलल्यात. पुढची ओळ वा...”

त्याने टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचललं आणि तिच्या उजव्या हातावर घातलं. एकदा. पुन्हा. बोटं मोडल्याचा आवाज दारातल्या शिपायाला ऐकू गेला. तिसरा घाव तिच्या कानशिलावर बसला. शिपायाने त्याची मान पकडून त्याला भिंतीवर आदळलं. कागदांवर रक्त पसरलं.

जमिनीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, “त्याला पाचवी वाचून दाखवा.”

शिपायाने वाचली. गोदामाचेच डॉक्टर, एकेचाळिसावं मिनिट: तो पडला की त्याला पाडला, हे जखमेवरून सांगता येत नाही.

भाऊ धापा टाकत कागदाकडे बघत राहिला. “म्हणजे... हे आमच्या बाजूचं?”

“ते त्यांचं म्हणणं आहे,” ती म्हणाली आणि तोंडातलं रक्त थुंकली. “पोलिसांना बोलवा. मी तक्रार देणार आहे.”

मोडलेल्या बोटांत तारा घालून घेऊन चौथ्या दिवशी ती कामावर आली. दोन्ही ओळी शब्दन् शब्द तशाच ठेवल्या. हरकतींच्या रकान्यात मुकादमाने लेखी दिलेली हरकत होती. त्याखाली तिने डाव्या हाताने, एकेक अक्षर दाबत, कोठडीतल्या भावाची चौथ्या ओळीवरची हरकत टाइप केली आणि तक्ता साहेबांकडे पाठवला.