मॅट पडदा आणि दक्षिणेची भिंत

बदलापूरच्या घरी बसून मी लग्नांचे अल्बम बनवते. बाबा होते तेव्हा खुर्चीमागे उभे राहून माझ्या कामातल्या चुका काढायचे. ते गेले आणि आईने त्यांचा फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावला, त्यावर चोवीस तास जळणारा लाल बल्ब. गेलेल्या माणसाची भिंत तीच, तिथे वाद नाही. टेबल हलवायला एवढ्याशा खोलीत जागा कुठे? फोटो नेमका माझ्या पाठीमागे आला.

माझा मॉनिटर ग्लॉसी. रिफ्लेक्शन कमी करणारं कोटिंग होतं त्यावर, पण त्याने बाबा फक्त अंधूक आणि जांभळट झाले. मिशीची रेघ न् रेघ तशीच. नवरीचे काळेभोर केस मोठे करून बघावेत, तर त्या काळ्यात, कोपऱ्यातून, बाबा बघताहेत. बल्ब बंद कर म्हटलं की आई जेवायचीच नाही.

शेवटी वैतागून उल्हासनगर गाठलं. दुकानदार म्हणाला, "मॅट घ्या मॅडम. चेहरा दिसणार नाही, गॅरंटी."

खरंच दिसला नाही. त्या खरखरीत पडद्यावर प्रतिबिंब टिकतच नाही, उजेड विखुरतो. कितीतरी दिवसांनी मी निवांत बसले आणि त्याच नवरीचा फोटो उघडला.

केस काळे नव्हते. करडे होते, वर तांबूस झाक. शालूच्या चुण्यांत तीच झाक, मांडवामागच्या अंधारातही तीच. बल्बचा उजेड पडदाभर पसरला होता.

आधी बाबा निदान एका कोपऱ्यात तरी असायचे.